दोन अँटेना, दोन क्षण आणि एक उणे चिन्ह

अलिबागच्या किनाऱ्यावर उभे राहिले म्हणजे भरती-ओहोटीचा खेळ समोरच दिसतो. ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत पायी जाता येते आणि काही तासांनी त्याच वाटेवर होडी चालते. या खेळाचा मोबाइल टेलिफोनशी काही संबंध असेल असे तुम्हांला वाटणार नाही. पण थळच्या बंदरातून खांदेरीकडे निघालेल्या होडीत बसून तुम्ही कधी टेलिफोनवर बोलला असाल, तर एक गोष्ट ध्यानात आली असेल. किनाऱ्यावरचा मनोरा अगदी डोळ्यांसमोर असतो, मध्ये झाड नाही, इमारत नाही, तरीही आवाज मध्येच तुटतो. होडी थोडी पुढे गेली की पुन्हा स्वच्छ ऐकू येतो. मनोरा दिसत असताना असे का व्हावे?

याचे कारण समुद्राच्या पाण्यात आहे. मनोऱ्यावरच्या अँटेनाकडून निघालेला रेडिओ तरंग तुमच्यापर्यंत दोन वाटांनी येतो. एक वाट सरळ हवेतून आणि दुसरी पाण्याच्या पृष्ठावर आपटून, परावर्तित होऊन. दुसरी वाट किंचित लांब असते. शिवाय पाण्यावर अगदी तिरपा आपटणारा तरंग परावर्तित होताना उलटा होतो, म्हणजे जेथे शिखर असायचे तेथे दरी येते. (तरंगाचे दोलन क्षितिजसमांतर असेल तर हे फार चांगले लागू पडते. आपण तसे धरू.) दोन्ही तरंग तुमच्यापाशी एकत्र आले की त्यांची बेरीज होते. शिखरावर शिखर आले तर आवाज दणदणीत आणि शिखरावर दरी आली तर दोघांचीही वजाबाकी होऊन हाती जवळजवळ शून्य. शाळेत ज्याला व्यतिकरण म्हणतात ते हेच.

आपण आकडे घालून पाहू. समजा, एक अँटेना पाण्यापासून ४० मीटर उंचीवर आहे आणि होडीतला टेलिफोन पाण्यापासून २ मीटर उंचीवर. दोन वाटांच्या लांबीतला फरक काढण्याचे सूत्र सोपे आहे: दोन्ही उंचींच्या गुणाकाराची दुप्पट भागिले अंतर. म्हणजे २ × ४० × २ = १६० भागिले अंतर. तरंगाची वारंवारता सेकंदाला २०० कोटी कंपने असेल, तर तरंगलांबी १५ सेंटिमीटर भरते. होडी किनाऱ्यापासून १०६७ मीटरांवर असताना वाटांतला फरक १६० भागिले १०६७, म्हणजे ०.१५ मीटर येतो. हा फरक बरोबर एका तरंगलांबीएवढा आहे. पूर्ण तरंगलांबीचा फरक पडला तर शिखर पुन्हा शिखरावरच येते, पण पाण्याने एक तरंग उलटा केलेला आहे. तेव्हा शिखरावर दरी, आणि टेलिफोन मुका.

या जागेला आपण 'मुकी जागा' म्हणू. आता भरती-ओहोटीकडे वळा. उधाणाच्या दिवसांत या किनाऱ्यावर पाण्याची पातळी चार मीटरांच्या आसपास वरखाली होते. होडी पाण्याबरोबर वर चढते, म्हणून टेलिफोनची पाण्यापासूनची उंची तीच राहते. पण मनोरा जमिनीत रोवलेला. पाणी दोन मीटर चढले की त्याची पाण्यापासूनची उंची ३८ मीटर होते, दोन मीटर उतरले की ४२ मीटर. हिशेब करून पाहा: मुकी जागा भरतीला १०१३ मीटरांवर आणि ओहोटीला ११२० मीटरांवर येते. शंभर मीटरांहून अधिक सरकली! सकाळी ज्या ठिकाणी नांगर टाकून बोललात, तेथे दुपारी आवाज येईलच असे नाही. खऱ्या समुद्रावर लाटा असतात, त्यामुळे परावर्तन आरशासारखे पूर्ण होत नाही. मुक्या जागेतही थोडासा तरंग उरतो, पण तो खरखरीत बुडून जाण्याइतका दुबळा असतो.

यावर उपाय काय? त्याच मनोऱ्यावर दहा मीटर खाली, म्हणजे पाण्यापासून ३० मीटरांवर, दुसरी अँटेना बसवा. १०६७ मीटरांवरच्या त्या होडीसाठी तिच्या दोन वाटांतला फरक १२० भागिले १०६७, म्हणजे सव्वाअकरा सेंटिमीटर येतो. तो तरंगलांबीच्या पाऊणपट आहे. येथे वजाबाकी होत नाही. उलट दोन्ही तरंग मिळून एकट्या सरळ तरंगाच्या सुमारे १.४ पट जोर मिळतो. वरच्या अँटेनाची मुकी जागा खालच्या अँटेनासाठी चांगली बोलकी ठरली. पाण्यावरून सूक्ष्मतरंगांचे दुवे टाकणारे अभियंते याच कारणासाठी ग्राही मनोऱ्यावर एकावर एक अशा दोन तबकड्या बसवीत आले आहेत. एका अँटेनाचा दहापैकी एक वेळा घात होत असेल आणि दुसरीचा घात पहिलीवर अवलंबून नसेल, तर दोघींचा एकाच वेळी घात शंभरात एकदाच होईल.

ग्राहीपाशी दोन अँटेना असल्या तर प्रश्न सोपा असतो. दोन्हींवर काय आले ते वेगवेगळे मोजता येते आणि जोरदार असेल त्याला अधिक मान देता येतो. पण खिशातल्या टेलिफोनमध्ये लांब अंतरावर दोन अँटेना कोठे बसवणार? जागा आहे ती मनोऱ्यावर. म्हणून दोन अँटेना प्रेषकाच्या बाजूला ठेवायच्या आणि ग्राहीपाशी एकच. येथे खरी अडचण सुरू होते.

हा भाग वर्गात आला की एक प्रश्न हमखास येतो: "सर, दोन्ही अँटेनांवरून एकच संदेश पाठवला की झाले, नाही का?" प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर काढण्यासाठी एक सोपी कल्पना करू. संदेशाचे चिन्ह फक्त दोन प्रकारचे: +१ किंवा −१. वाटेत तरंगाचे जे काही होते ते एका संख्येने दाखवू. पाठवलेले चिन्ह गुणिले ती संख्या म्हणजे मिळालेले चिन्ह. संख्या ०.८ असेल तर तरंग थोडा दुबळा होऊन पोचला, ०.१ असेल तर जवळजवळ संपला, आणि उणे असेल तर उलटा होऊन पोचला. वरच्या अँटेनाच्या वाटेची संख्या म आणि खालच्या अँटेनाच्या वाटेची न मानू.

दोन्हींवरून एकच चिन्ह पाठवले, तर ग्राहीला (म + न) पट चिन्ह मिळते. म = ०.५ आणि न = ०.५ असेल तर फारच छान, बेरीज १. पण म = ०.५ आणि न = −०.५ असेल तर? बेरीज शून्य! दोन्ही वाटा एकेकट्या चांगल्या होत्या, पण आपणच त्यांना एकमेकींवर घातले. समुद्राने जे केले तेच आपण पुन्हा केले. नव्या मुक्या जागा तयार झाल्या, एवढेच.

मग पाळीपाळीने पाठवावे काय? पहिल्या क्षणी वरची अँटेना चिन्ह पाठवील आणि खालची गप्प राहील. दुसऱ्या क्षणी खालची तेच चिन्ह पाठवील. हा उपाय बिनचूक चालतो. परंतु एका चिन्हाला दोन क्षण लागले. संदेशाचा वेग निम्मा झाला, आणि टेलिफोन कंपन्यांना वेळ फार महाग पडतो.

वेग न घालवता हे साधेल का? या प्रश्नाचे अत्यंत सुटसुटीत उत्तर सियावश अलामूती या अभियंत्याने १९९८ साली एका शोधनिबंधात दिले. युक्ती अशी. चिन्हे दोन-दोनच्या जोडीने घ्यायची. जोडीतले पहिले अ आणि दुसरे ब. पहिल्या क्षणी वरच्या अँटेनावरून अ आणि खालच्या अँटेनावरून ब, एकाच वेळी. दुसऱ्या क्षणी दोघींनी चिन्हांची अदलाबदल करायची, पण वरच्या अँटेनाने आपले चिन्ह उलटे करून पाठवायचे. म्हणजे वरून −ब आणि खालून अ. दोन क्षणांत दोन चिन्हे गेली, तेव्हा वेग पूर्ववत.

ग्राहीला पहिल्या क्षणी मिळालेली बेरीज प आणि दुसऱ्या क्षणी मिळालेली बेरीज द म्हणू:

प = म·अ + न·ब
द = न·अ − म·ब

दोन्ही वेळा अ आणि ब एकमेकांत कालवले गेले आहेत. आता ते वेगळे करायचे. पहिल्या समीकरणाला म ने गुणा, दुसऱ्याला न ने गुणा आणि बेरीज करा. कागद घेऊन स्वतः करून पाहा, ब ची पदे एकमेकांना खाऊन टाकतात:

म·प + न·द = (म² + न²)·अ

आणि पहिल्याला न ने गुणून त्यातून म ने गुणलेले दुसरे वजा केले तर अ नाहीसा होतो:

न·प − म·द = (म² + न²)·ब

उजव्या बाजूच्या कंसाकडे नीट पाहा. तेथे म + न नाही, म² + न² आहे. वर्ग कधी उणे नसतात, त्यामुळे एक वाट दुसरीला कधीच खाऊ शकत नाही. कंस शून्य व्हायला दोन्ही वाटा एकदम मेल्या पाहिजेत. वरच्या अँटेनाची तार तुटली आणि म शून्य झाला, तरी प = न·ब आणि द = न·अ एवढे उरतेच. दोन्ही चिन्हे मिळतात, फक्त क्षणांची अदलाबदल होऊन. त्या एका उणे चिन्हाची ही किमया आहे. ते काढून टाका, म्हणजे दुसऱ्या क्षणी वरून नुसते ब पाठवा, आणि मघाचे म = ०.५, न = −०.५ घालून पाहा: दुसरी बेरीज पहिलीचीच उलटी प्रत निघेल आणि एका समीकरणातून दोन अज्ञाते काढण्याची वेळ येईल.

आता तीच अडचणीची जागा युक्तीसह तपासू. म = ०.५, न = −०.५, अ = +१, ब = −१. पहिली बेरीज ०.५ + ०.५ = १. दुसरी बेरीज −०.५ + ०.५ = ०. दुसऱ्या क्षणी ग्राहीला काहीच ऐकू आले नाही! तरीही म·प + न·द = ०.५ आणि न·प − म·द = −०.५. पहिले अधिक, दुसरे उणे. दोन्ही चिन्हे बरोबर.

पण खऱ्या ग्राहीत खरखर असते, ती धरून पाहिल्याशिवाय माझे समाधान होत नाही. होडी वरच्या अँटेनाच्या मुक्या जागेत आहे असे समजू: म = ०.१, न = −०.७. चिन्हे तीच, +१ आणि −१. खरखर नसती तर प = ०.१ + ०.७ = ०.८ आणि द = −०.७ + ०.१ = −०.६ मिळाले असते. खरखरीने पहिल्यातून ०.२ काढून घेतले आणि दुसऱ्यात ०.१ घातले असे धरा. ग्राहीच्या हाती ०.६ आणि −०.५ आले. आता हिशेब:

०.१ × ०.६ + (−०.७) × (−०.५) = ०.०६ + ०.३५ = ०.४१
(−०.७) × ०.६ − ०.१ × (−०.५) = −०.४२ + ०.०५ = −०.३७

खरी उत्तरे ०.५ आणि −०.५ यायला हवी होती. अंतर पडले खरे, पण अधिक ते अधिकच राहिले आणि उणे ते उणेच. वरची अँटेना एकटी असती तर काय झाले असते? +१ पाठवल्यावर ०.१ मिळाले असते, खरखरीने त्यातले ०.२ नेले असते आणि उरले असते −०.१. ग्राहीने ते बिनदिक्कत −१ म्हणून वाचले असते.

तुमच्यातला एखादा चिकित्सक विद्यार्थी म्हणेल की ही तुलना न्याय्य नाही, दोन अँटेनांनी मिळून दुप्पट शक्ती खर्च केली. आक्षेप बरोबर आहे. एकूण शक्ती तेवढीच ठेवायची तर प्रत्येक अँटेनाला निम्मी मिळते आणि शक्ती निम्मी म्हणजे तरंगाची उंची सुमारे ०.७ पट. वरच्या उदाहरणात +१ आणि −१ ऐवजी +०.७ आणि −०.७ घालून, खरखर तेवढीच ठेवून पुन्हा गणित करा. उत्तरे ०.२६ आणि −०.२२ च्या जवळपास येतील. जोर कमी झाला, पण चिन्हे टिकली. ग्राहीपाशी दोन अँटेना असत्या तर ही किंमत द्यावी लागली नसती. प्रेषकाच्या बाजूने काम केल्याचा हा कर आहे.

आतापर्यंत आपण एक गोष्ट गुपचूप गृहीत धरली. ग्राहीला म आणि न ठाऊक कसे? त्यांच्याशिवाय तर गुणाकारच करता येत नाही. यासाठी मनोरा मधूनमधून आधी ठरलेली चिन्हे पाठवतो. एका अँटेनाचे असे चिन्ह जात असताना दुसरी त्या जागी गप्प असते. काय पाठवले हे माहीत आहे आणि काय मिळाले हे मोजले, की भागाकाराने वाटेची संख्या निघते. हे मोजमाप चुकले तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. मघाच्या खरखर नसलेल्या उदाहरणात प = १ आणि द = ० होते. ग्राहीने न = −०.५ ऐवजी चुकून +०.५ धरला, तर अ साठी ०.५ येते, ते बरोबर. पण ब साठीही +०.५ येते. ते साफ चूक, आणि तीही पूर्ण जोराने, कसलीही शंका येऊ न देता! नुसत्या जोरावरून अशी चूक ओळखता येत नाही. म्हणून संदेशाच्या तुकड्याला जास्तीची तपासणीची चिन्हे जोडलेली असतात. ती जुळली नाहीत की तो तुकडा पुन्हा मागवला जातो.

दुसरे गृहीत असे की दोन्ही क्षणांत म आणि न बदलत नाहीत. बदलले तर ब ची पदे एकमेकांना पूर्ण खाणार नाहीत आणि अ च्या उत्तरात ब ची घाण उरेल. होडी ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने जात आहे असे समजा. चौथ्या पिढीच्या मोबाइल यंत्रणेत एक चिन्ह सेकंदाच्या सुमारे चौदा हजाराव्या भागात संपते. तेवढ्यात होडी एक मिलिमीटरही सरकत नाही आणि तरंगलांबी तर १५ सेंटिमीटर. तेव्हा होडीपुरती काळजी नाही. ही पद्धत दोन लागोपाठच्या क्षणांसह तिसऱ्या पिढीच्या मोबाइल यंत्रणेच्या प्रमाणकात आली. चौथ्या पिढीत दोन क्षणांऐवजी शेजारच्या दोन वारंवारता घेतल्या. गणित तेच, कारण शेजारच्या वारंवारतांनाही वाट जवळजवळ सारखीच भेटते.

एका बाबतीत मात्र ही युक्ती काहीच करू शकत नाही. होडी खांदेरी बेटाच्या पलीकडे गेली आणि मध्ये खडक आला, तर दोन्ही अँटेना एकदमच झाकल्या जातात. म आणि न दोन्ही लहान, आणि लहानांच्या वर्गांची बेरीज आणखी लहान. दोन अँटेना अगदी चिकटून बसवल्या, तरीही हेच होते. त्या एकाच वेळी बुडतात आणि एकाच वेळी तरतात. म्हणून मनोऱ्यांवर त्या दूर ठेवतात, किंवा एकाच पेटीत एकीचे दोलन एका बाजूला आणि दुसरीचे दुसऱ्या बाजूला ४५ अंशांनी तिरपे ठेवतात.

प्रत्यक्षात तरंग फक्त सुलटा किंवा पूर्ण उलटा नसतो, मधल्या कोणत्याही कलेत असू शकतो. त्यामुळे म, न, अ आणि ब प्रत्येकी दोन घटकांच्या, म्हणजे संमिश्र संख्या होतात. तेव्हा दुसऱ्या क्षणी दोन्ही चिन्हांच्या दुसऱ्या घटकाचे चिन्ह बदलून पाठवावे लागते आणि ग्राहीलाही तशीच काळजी घ्यावी लागते. बाकी सगळे जसेच्या तसे.

जाता जाता एक गंमत. प आणि द यांचे वर्ग करून मिळवा: प² + द² = (म² + न²)(अ² + ब²). दोन वर्गांच्या बेरजेला दोन वर्गांच्या बेरजेने गुणले की पुन्हा दोन वर्गांचीच बेरीज. याच जातीचे, अधिक व्यापक सूत्र ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ च्या 'ब्राह्मस्फुटसिद्धांत' या ग्रंथात दिले आहे. असे सूत्र दोन वर्गांना जमते, चारांना जमते, आठांना जमते, तीन किंवा पाचांना जमत नाही. १९९९ साली तारोख, जाफरखानी आणि काल्डरबँक यांनी अलामूतीची युक्ती अधिक अँटेनांसाठी वाढवून पाहिली, तेव्हा हीच मर्यादा आडवी आली. संमिश्र संख्यांच्या बाबतीत तर असा चौकोनी आराखडा पूर्ण वेगाने फक्त दोन अँटेनांनाच बसतो. अँटेना वाढवल्या तर वेग सोडावा लागतो, नाही तर हा सोपा हिशेब सोडावा लागतो.

आता तुमच्यासाठी एक गणित. म = ०.४ आणि न = ०.३. होडीतल्या ग्राहीला खरखरीसह पहिल्या क्षणी +०.१ आणि दुसऱ्या क्षणी −०.६ मिळाले. अ आणि ब कोणते? ते काढल्यावर, खरखर नसती तर पहिल्या क्षणी किती मिळायला हवे होते, तेही काढा. त्याचे चिन्ह आणि प्रत्यक्ष मिळालेल्या संख्येचे चिन्ह ताडून पाहा.